शेवटच्या गाडीनंतर

मे महिन्यात मी साडेसहाला घरी पोचतो. जिनिंगची यंत्रं तेव्हा बंद असतात, कापसाचा हंगाम उरकलेला असतो, आणि आदिलाबादचा उन्हाळा असा की भिंतींना हात लावला तर चटका बसावा. आई अंगणात पाणी मारते, मातीचा वास उठतो, मी बाज टाकतो, दिव्याची वायर खिडकीतून बाहेर ओढतो आणि पुस्तक उघडतो. साडेनवाला जेवायची हाक येईपर्यंत मला कुणी विचारत नाही. डिसेंबरात मात्र साडेआठ वाजून गेले तरी मी जिनिंगच्या वजनकाट्याच्या खोलीत असतो. कानाला मफलर गुंडाळलेला, बाहेर कापसानं फुगलेल्या गाड्यांची रांग, आणि हाताशी चहाचा थंड झालेला ग्लास. माणूस तोच, नोकरी तीच, पगारही तोच. संध्याकाळ मात्र निराळी. नोकरी करता करता बी.ए. करायचं म्हणून कागदावर वेळापत्रक आखायला बसलं की पहिली अडचण हीच येते. छापील नमुन्यातल्या वेळापत्रकांत सोमवार ते शनिवार एकसारखे असतात आणि जानेवारी ते डिसेंबरही एकसारखेच.

हंगामात संध्याकाळ लांबते कशी, ते जरा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमच्याकडची थंडी तेलंगणात नावाजलेली. बेला, भीमपूर या बाजूला पारा पार खाली उतरतो. पहाटेच्या दवात उघड्या गाडीतला कापूस ओलसर होतो. सरकारी खरेदीत ओलाव्याचा हिशोब आठ टक्क्यांपासून सुरू होतो. आठच्या वर बारापर्यंत भाव कापून घेतात, बाराच्या वर घेतच नाहीत. मग शेतकरी काय करणार? ऊन चढेपर्यंत थांबतो, ताडपत्री काढतो, कापूस वर-खाली करतो. खरी खरेदी रंगात येते ती दुपारी, आणि सकाळची कसर संध्याकाळी निघते. त्यात काट्याचं काम दुहेरी. गाडी आधी भरलेली तोलायची, मग ती आत जाऊन रिकामी होणार, आणि रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येणार. दोन वजनांतला फरक म्हणजे कापूस. तेव्हा शेवटची भरलेली गाडी आत गेली म्हणून मी सुटलो असं होत नाही. ती रिकामी होऊन परत येईपर्यंत अर्धा-पाऊण तास नुसतं बसायचं असतं. या अर्ध्या-पाऊण तासाकडे पुढे येतोच.

मी मराठी शाळेत शिकलो. पैनगंगेच्या अलीकडे आजही मराठी शाळा आहेत. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेले, आणि आमची गावं इकडेच राहिली. शाळेनंतरचं मराठीतलं शिक्षण मात्र नदीपलीकडे गेलं. हैदराबादच्या आंबेडकर मुक्त विद्यापीठाचा पर्याय होता, हे विद्यापीठ तर १९८२ सालचं, देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ. पण माझं तेलुगू बाजारात बोलण्यापुरतं, परीक्षेत चार पानं लिहिण्याइतकं नाही. म्हणून १९८५ साली स्थापन झालेल्या इग्नूत नाव घातलं, माध्यम हिंदी. देवनागरी डोळ्यांच्या सवयीची असल्यानं वाचन अडत नाही. तरी राज्यशास्त्राच्या हिंदी पुस्तकाची तासाला दहा पानं, यापेक्षा माझी गाडी पुढे जात नाही. हा वेग मी घड्याळ लावून काढला, आणि तुम्हीही काढा असंच सांगेन. वेळापत्रक आखण्याआधी कामाची माहिती एवढीच लागते : आपण तासाला किती पानं वाचतो, आणि आपल्याकडे तास किती आहेत.

तासांचा हिशोब विद्यापीठानंच करून ठेवला आहे, तो फारसं कुणी वाचत नाही एवढंच. इग्नूत एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास. त्यात वाचन, स्वाध्याय लिहिणं, मार्गदर्शनाचे तास, सगळं आलं. मी नाव घातलं तेव्हाचा तीन वर्षांचा बी.ए. १३२ श्रेयांकांचा, म्हणजे एका सत्राला २२ श्रेयांक. बावीस गुणिले तीस, ६६० तास. सहा महिन्यांत आठवडे सव्वीस. भागाकार केला की आठवड्याला पंचवीस तास येतात. दिवसभर काट्यावर बसणाऱ्या माणसानं रोज साडेतीन तास, रविवारसकट, एकही लग्न, एकही तापाचा दिवस न धरता. हे होणार नाही, हे पहिल्याच दिवशी कागदावर दिसतं, आणि ते तिथेच दिसलेलं बरं.

माझे तास मग मी दोन भागांत मोजले. ऑक्टोबर ते मार्च हंगाम. जेवण उरकून सव्वानऊ ते पावणेअकरा, दीड तास; आठवड्यातून पाच संध्याकाळी, कारण सहावी कुठे ना कुठे जातेच; आणि रविवारी चार तास. आठवड्याचे साडेअकरा, सव्वीस आठवड्यांचे तीनशेला एक तास कमी. म्हणजे दहा श्रेयांक. एप्रिल ते सप्टेंबर मोकळा काळ. सात ते साडेनऊ, अडीच तास, पुन्हा पाचच संध्याकाळी, आणि रविवारी पाच तास. आठवड्याचे साडेसतरा, सव्वीस आठवड्यांचे ४५५. म्हणजे पंधरा श्रेयांक. वर्षाचे पंचवीस झाले. १३२ ला पंचविसानं भागलं की सव्वापाच वर्षं येतात, आणि हा अभ्यासक्रम पुरा करायला विद्यापीठ जास्तीत जास्त सहा वर्षं देतं. बसतं! काठोकाठ बसतं, पण बसतं. हेच गणित मी बारा महिने हंगामातल्या दीड तासावर मांडलं असतं तर वर्षाला वीस श्रेयांक आले असते आणि साडेसहा वर्षं लागली असती, मुदतीच्या बाहेर. डिसेंबरात आणखी अर्धा तास जागण्यानं हा फरक भरून निघत नव्हता. तो जुलैच्या संध्याकाळींतून निघाला.

पण तासांची बेरीज म्हणजे वेळापत्रक नव्हे. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा डिसेंबरात आणि जूनमध्ये सुरू होतात. डिसेंबरची परीक्षा ऐन हंगामात. तिच्या तयारीचे शेवटचे दोन महिने दसरा, दिवाळी आणि कापसाची पहिली आवक यांत जातात. त्यामुळे डिसेंबरच्या पेपरांचं नवं वाचन दसऱ्याला संपलंच पाहिजे, हा माझ्या कागदावरचा एकच अढळ नियम. जुलै ते सप्टेंबर तेरा आठवडे, सव्वादोनशे तास. जड पेपर तिथे टाकायचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नवं पान उघडायचं नाही, वाचलेलं आठवायचं. जूनचं उलटं आहे. जानेवारी ते मार्च हळूहळू वाचत राहायचं, हलका पेपर, पर्यावरणासारखा चार श्रेयांकांचा. आणि एप्रिल-मे अंगणातल्या बाजेवर मनसोक्त. एका परीक्षेला सत्राचे सगळे पेपर द्यायलाच हवेत असं नाही. राहिलेला पुढच्या खेपेला देता येतो, परीक्षेची फी दर पेपरमागे भरायची असते. ज्यांना हे ठाऊक नसतं ते चारही पेपरांचं ओझं घेऊन डिसेंबरात शिरतात आणि चारही अर्धवट करतात.

स्वाध्यायांचं प्रकरण याहून चिवट. गुणांपैकी तीस टक्के त्यांचे, सत्तर परीक्षेचे, आणि ते दिल्याशिवाय परीक्षेला बसण्याचा हक्क नाही. डिसेंबरच्या परीक्षेसाठी ते साधारण ऑक्टोबरअखेर द्यायचे असतात. मुदत पुष्कळदा वाढते, पण वाढेल म्हणून बसून राहणं म्हणजे पावसाच्या भरवशावर सरकी टोचणं. माझ्या इतिहासाच्या पेपरचा स्वाध्याय घ्या. दोन प्रश्न पाचशे शब्दांचे, तीन अडीचशेंचे, पाच शंभराचे. एकूण सव्वादोन हजार शब्द, आणि तेही हातानं लिहायचे. नीट अक्षरात मिनिटाला पंधरा शब्द धरले तर नुसत्या उतरवण्याला अडीच तास. त्याआधी उत्तर कुठल्या इकाईत आहे ते शोधणं, कच्चं टिपण करणं, हे मला त्याच्या दुप्पट लागतं. म्हणजे एका स्वाध्यायाला साडेसात तास. मोकळ्या काळात तीन संध्याकाळी, हंगामात आख्खा आठवडा. म्हणून तो ऑगस्टात. पोळ्याच्या आधी एक, गणपतीनंतर दुसरा. आणि दोन वेगवेगळी कामं एका संध्याकाळी करायची नाहीत : शोधण्याची संध्याकाळ निराळी, लिहिण्याची निराळी. शोधायला डोकं ताजं लागतं. उतरवायला नुसता हात लागतो, तेव्हा थकलेल्या दिवसासाठी उतरवण्याचं काम राखून ठेवावं.

आता आठवणीची घंटी. फोनमध्ये ठरलेल्या वेळेचा अलार्म लावणं ही सगळ्यांचीच पहिली युक्ती. मे महिन्यात ती चालते. हंगामात सव्वानऊला मी कधी ताटावर असतो, कधी रस्त्यात, कधी अजून काट्यावरच, एका हातात पावती आणि समोर ड्रायव्हर ओरडतोय. घंटी वाजते, अंगठा आपोआप जातो, बंद. असं आठवडाभर झालं की कान त्या सुराला सरावतात आणि मग मोकळ्या संध्याकाळीसुद्धा ती ऐकून काही होत नाही. पाळता न येणाऱ्या वेळेची घंटी लावली की चांगली घंटी फुकट जाते.

पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं याच गोष्टीचा अभ्यास केला आहे. १९९७ साली त्यानं आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर हिनं प्रयोग छापला. नाताळच्या सुट्टीवर जाणाऱ्या विद्यार्थ्यांना एक काम दिलं : नाताळची संध्याकाळ कशी घालवलीत ते दोन दिवसांच्या आत लिहून पाठवा. आपल्याकडे दिवाळीत कुणाला स्वाध्याय लिहायला सांगावा तसंच हे. निम्म्या मुलांकडून आधीच ठरवून घेतलं होतं, नेमकं कुठे आणि कधी बसून लिहिणार. त्या मुलांतल्या दहातल्या सातांनी काम केलं. ज्यांनी नुसतं ‘करतो’ म्हटलं होतं त्यांच्यात दहातल्या तिघांनी. इच्छा दोन्ही गटांची सारखीच होती. फरक पडला तो काम एखाद्या ठरावीक क्षणाला बांधून ठेवल्यानं.

माझ्या संध्याकाळीत रोज न चुकता येणारा क्षण एकच आहे, तो म्हणजे शेवटच्या गाडीचं रिकामं वजन. वेळ बदलते, पण तो क्षण आल्याशिवाय दिवस संपत नाही. म्हणून हंगामातलं माझं वाक्य ठरलेलं आहे : शेवटची भरलेली गाडी आत गेली की प्रश्नांच्या चिठ्ठ्या बाहेर काढायच्या, ती रिकामी होऊन काट्यावरून उतरली की घरी जाऊन जेवायचं आणि ताट उचललं की वही. जेवण झाल्यावर कॉट दिसली तर खेळ खलास, म्हणून वही आधीपासून ताटाच्या शेजारी ठेवलेली. फोनची घंटी उरते ती फक्त पावणेअकराची, थांबण्यासाठी. ही घंटी मी कटाक्षानं पाळतो. एका रात्री साडेबारापर्यंत वाचलं तर दुसऱ्या दिवशी काट्यावर आकडा चुकण्याची भीती, आणि तिसऱ्या दिवशी वही उघडतच नाही.

मोकळ्या काळातल्या सातच्या घंटीला मात्र नाव देतो. अलार्मला लेबल लावायची सोय बहुतेक फोनमध्ये असते. तिथे ‘अभ्यास’ असं लिहिलं तर वाचून अंगावर काटा येतो. ‘इकाई ७, पान ९३ पासून, सात पानं’ असं लिहिलं तर हात आपोआप पुस्तकाकडे जातो, कारण ठरवायचं काही उरलेलं नसतं. लेबल आदल्या रात्री अभ्यासावरून उठण्यापूर्वी बदलायचं. आपण कुठे थांबलो ते तेव्हाच पक्कं ठाऊक असतं. आणि एक बारीकशी गोष्ट : स्वस्त फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅपं गपचूप बंद करतात, मग कॅलेंडरच्या किंवा दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपच्या आठवणी वाजतच नाहीत. घड्याळाच्या मूळ अ‍ॅपचा अलार्म सहसा वाजतो. रोजची घंटी तिथेच लावावी.

चिठ्ठ्या म्हणजे वजनाच्या रद्दी पावत्यांच्या कोऱ्या पाठी. इग्नूच्या पुस्तकात इकाईच्या मध्ये मध्ये बोध प्रश्न असतात. वाचणारे ते ओलांडून पुढे जातात. मी ते एकेक करून पावतीच्या पाठीवर उतरवतो. उत्तर लिहीत नाही, फक्त पान क्रमांक. गाडी रिकामी होईपर्यंतच्या त्या अर्ध्या-पाऊण तासात पुस्तक उघडणं शक्य नसतं, कधी हमाल येतो, कधी मालकाचा फोन. पण एक चिठ्ठी उचलून, डोळे कापसाच्या ढिगाकडे लावून, मनातल्या मनात उत्तर जुळवणं होतं. हमालांपैकी एक जण मला रोज विचारतो, “काय भाऊ, अजून शिकूनच रायले का?” मी म्हणतो, “हो बाप्पा, तुमची गाडी उतरेपर्यंत.” उत्तर जुळलं तर चिठ्ठी उजव्या खिशात, नाही जुळलं तर डाव्या. रात्रीचा दीड तास डाव्या खिशाचा.

चिठ्ठी पुन्हा कधी काढायची याचंही उत्तर शोधलेलं आहे. २००८ साली सेपेडा नावाच्या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तेराशेहून जास्त लोकांवर हे तपासलं. परीक्षा सत्तर दिवसांवर असेल तर उजळणी तीन आठवड्यांनी केलेली सर्वांत चांगली टिकली. वर्षाच्या अंतरासाठीही साधारण तेवढंच अंतर निघालं. दुसऱ्याच दिवशी केलेली उजळणी सोपी वाटते, म्हणून ती फार चांगली झाली असं वाटतं. मी जुलैतल्या चिठ्ठीवर कोपऱ्यात तीन आठवड्यांनंतरची तारीख टाकतो आणि चिठ्ठ्या त्या क्रमानं लावतो. ऑक्टोबरात काट्यावर नेतो ती गड्डी आपोआप तयार झालेली असते.

राहता राहिल्या तारखा. त्यांच्यासाठी फोन नको, भिंत हवी. आमच्या घरी पैनगंगेपलीकडून आणलेलं कालनिर्णय असतं. त्याच्या चौकटीत दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर, चतुर्थ्या, आणि आता माझे स्वाध्याय. शेवटची तारीख मी लिहीत नाही. तिच्या तीन आठवडे आधीच्या चौकटीत काम लिहितो : ‘इतिहास लिहून तयार’, ‘परीक्षेचा फॉर्म पाहणे’. फोनमधली आठवण फक्त मला दिसते. भिंतीवरची आईला, बायकोला, आलेल्या मामालाही दिसते, आणि मग लग्नाची तारीख काढायच्या आधी कुणीतरी विचारतं. बायको तर चौकटीवर बोट ठेवून उभी राहते. “अहो, हे इतिहास कुठवर आलं?” तिला उत्तर देणं अलार्म बंद करण्याइतकं सोपं नाही.

हे सगळं करूनही संध्याकाळी बुडतात. बुडालेली संध्याकाळ पुढच्या दिवसावर लादायची नाही, नाहीतर शुक्रवारपर्यंत सहा तासांचं देणं साठतं आणि माणूस वहीकडे बघायचं टाळतो. ती रविवारच्या चार तासांत जेवढी बसेल तेवढी बसवायची, उरलेली सोडून द्यायची. आजारी वेळापत्रकाची खूण सुटलेल्या तासांत दिसत नाही, ती लेबलात दिसते. सलग दोन आठवडे लेबलावर तीच इकाई असेल, तर तास खरे नाहीत किंवा पेपर जास्त आहेत. सप्टेंबरात असं झालं की एक पेपर जूनवर ढकलायचा, फॉर्म भरण्यापूर्वी. परीक्षेच्या आठवड्यात हा निर्णय घेतला तर फी जाते आणि उरलेल्या पेपरांचाही विचका होतो.

या वर्षीचा कागद भरून झाला आहे. डिसेंबरला दोन पेपर, जूनला तीन. जानेवारीच्या उत्तरार्धातला एक आठवडा मी कोरा सोडला आहे. पुष्य अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, मेस्राम मंडळी गोदावरीचं पाणी घेऊन पायी येतात, आणि त्या दिवसांत आमच्या घरी इतके पाहुणे असतात की वही ठेवायलाही जागा सापडत नाही. पर्यावरणाची पहिली इकाई जत्रेनंतरच्या सोमवारी.